कापड हे, माप याचं, गळा त्या फोटोतला

शिंप्याकडे ब्लाउज शिवायला टाकताना आपण तीन वस्तू नेतो. साडीतून कापलेलं कापड, मापासाठी जुनं ब्लाउज आणि गळा कसा हवा ते दाखवायला मोबाइलमधला एखादा फोटो. तिन्ही वस्तू टेबलावर ठेवता ठेवता बोलत असतो, "कापड हे. माप याचं घ्या, पण बाही दोन बोटं लांब. गळा या फोटोतला, पण त्याची लेस नको." शिंपी खडूनं खुणा करतो, गाठोडं बांधतो आणि काम नीट होतं. समजा, याच तीन वस्तू आपण न बोलता टेबलावर टाकून निघून आलो, तर? शिंपी हुशार असला तर अंदाज बांधेल. पण मापाच्या ब्लाउजला काठ असेल आणि फोटोतल्या बाईच्या बाहीला फुगा असेल, तर काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे त्याला कळणार कसं?

गेल्या वर्षी एका पैठणीच्या दुकानाचा कॅटलॉग करताना मी नेमकी हीच चूक केली. शिंपी मात्र माणूस नव्हता, चित्र तयार करणारं एआय साधन होतं. मी त्याच्यापुढे पाच फोटो टाकले आणि एक ओळ लिहिली. पुढचे चार दिवस त्या एका ओळीची भरपाई करण्यात गेले. त्या चार दिवसांत जे हाती लागलं ते इथे सांगते आहे, कारण आता पत्रिकेपासून दुकानाच्या फ्लेक्सपर्यंत अनेकजण एकाच प्रॉम्प्टमध्ये चार-सहा फोटो देऊन चित्रं करून घेतात आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

काम साधं होतं. दुकानदार काकांना येवल्याहून आलेल्या पैठण्यांचे फोटो हवे होते. प्रत्येक पैठणी नेसवून, वाड्यात नेऊन फोटो काढायचा तर साडीची घडी मोडते, जर चुरगळते, शिवाय दिवसाला तीन-चार साड्यांपलीकडे काम सरकत नाही. म्हणून ठरलं असं, की साडी पसरून तिचा फोटो काढायचा, नेसणारीचा एकच चांगला फोटो घ्यायचा आणि पुढचं चित्र संगणकावर जुळवायचं. नेसायला माझी भाची तयार झाली. तिचा चेहरा कुठे आणि कशासाठी वापरणार हे तिला आधी सांगितलं आणि तिच्याकडून लिहूनही घेतलं.

पहिल्या खेपेला मी दिलेले पाच फोटो असे होते. भाचीचा पंजाबी ड्रेसमधला फोटो. दुकानातल्या पुतळ्याला नेसवलेली जांभळी पैठणी. तिच्या पदराचा जवळून काढलेला फोटो. एका जुन्या वाड्याचा चौक. आणि रंगांना ऊब यावी म्हणून एक जुनं कॅलेंडर-चित्र, नथ घातलेल्या बाईचं. खाली लिहिलं, "हिला ही साडी नेसवून या वाड्यात उभी करा, रंग या चित्रासारखे."

आलेल्या चित्रात साडी जांभळी होती, वाडाही होता. पण बाईचा चेहरा अर्धा भाचीचा आणि अर्धा पुतळ्याचा, गुळगुळीत आणि थिजलेला. नाकात कॅलेंडरातली नथ. वाड्याच्या भिंती रंगवलेल्या पडद्यासारख्या. पदरावरच्या मोरांच्या जागी नुसती मोरासारखी वेलबुट्टी. शिवाय पान उभं हवं होतं, ते आडवं आलं. भाचीला फोनवर पाठवलं तर ती म्हणाली, "मावशी, ही माझी सख्खी बहीण वाटते, पण मी नाही."

हे असं का होतं ते समजायला साधन फोटो कसा वाचतं हे थोडं पाहावं लागतं. आपण फोटो देतो तेव्हा ते त्याचे बारीक बारीक चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाचं आकड्यांच्या भाषेत रूपांतर करतं. पाच फोटोंचे सगळे चौकोन आणि आपण लिहिलेले शब्द एकाच लांब माळेत ओवले जातात. चित्र घडताना त्या माळेतला कुठलाही मणी कुठल्याही मण्याकडे पाहू शकतो. फोटो क्रमांक दोन हा फक्त साडीसाठी आहे, अशी भिंत आत कुठेच नसते. 'साडी' हा शब्द आला की साधन माळेत साडीसारखं काय काय आहे ते शोधतं आणि 'हिला' म्हटलं की बाईसारखं जे असेल ते शोधतं. माझ्या पाच फोटोंत बाईसारखे तीन आकार होते: भाची, पुतळा आणि कॅलेंडरातली बाई. तिघींचं मिश्रण निघालं यात साधनाची चूक नव्हती. 'हिला' म्हणजे कोण, हे मी सांगितलंच नव्हतं.

आणखी एक समज इथेच दूर झाला. मी फाइलींना 'भाची', 'पैठणी', 'पदर' अशी नावं देऊन ठेवली होती आणि मनात धरून चालले होते की ती नावं साधनाला दिसत असतील. फाइलीचं नाव पलीकडे पोचेलच याचा काही भरवसा नसतो. पोचतात ते चौकोन आणि त्यांचा क्रम. म्हणजे ओळख पटवायला आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात: फोटो कितव्या जागी आहे आणि त्या जागेबद्दल आपण शब्दांत काय लिहिलं आहे.

जागेचं महत्त्व किती, ते एका उघड्या साधनात अगदी डोळ्यांनी पाहता येतं. अलीबाबा कंपनीच्या क्वेन चमूनं सप्टेंबर २०२५ मध्ये 'क्वेन-इमेज-एडिट-२५०९' हे मॉडेल सर्वांसाठी खुलं केलं. ते एका वेळी एक ते तीन फोटोंवर उत्तम चालतं असं त्यांनीच सांगितलं आहे. ते चालवण्याचा जो कोड उपलब्ध आहे त्यात प्रत्येक फोटोच्या आधी एक चिठ्ठी आपोआप चिकटवली जाते:

```
Picture 1:
Picture 2:
Picture 3:
```

म्हणजे आपण काही लिहिलं नाही तरी साधन स्वतः फोटोंना क्रमांक घालतंच. आपण प्रॉम्प्टमध्ये Picture 2 असं लिहिलं, तर आपला शब्द त्या चिठ्ठीला थेट जाऊन भिडतो. 'दुसरा जो साडीचा फोटो दिला आहे त्यातली' असं लिहिलं तर त्याला अंदाज बांधावा लागतो. म्हणून या साधनावर काम करताना बाकी मजकूर कुठल्याही भाषेत असला तरी क्रमांक मी रोमन लिपीत, चिठ्ठीवर आहे तसाच लिहिते. मोठ्या कंपन्यांच्या साधनांत 'चित्र २' हे मराठीतही समजतं. पथ्य एवढंच, की एकदा 'चित्र २' म्हटलं की शेवटपर्यंत 'चित्र २'च म्हणायचं. मध्येच 'दुसरा फोटो', मग 'साडीची इमेज', असं नाव बदलत गेलं की धागा तुटतो.

क्रमाचा दुसरा परिणाम मात्र साधनागणिक बदलतो आणि तो माहीत नसला तर फार गोंधळ होतो. ओपनएआयच्या 'जीपीटी-इमेज-१' या मॉडेलला फोटो जास्तीत जास्त तंतोतंत जपायला सांगण्याची सोय आहे. ती वापरली तरी दिलेल्या फोटोंपैकी पहिल्या फोटोतले बारकावे सर्वांत जास्त जपले जातात, असं कंपनीच्याच माहितीत म्हटलं आहे. म्हणून तिथे चेहरा पहिल्या जागी द्यायचा. दोन-तीन चेहरे हवे असतील तर ते आधी एकाच फोटोत शेजारी शेजारी जोडून तो फोटो पहिला द्यायचा. गूगलच्या 'जेमिनी २.५ फ्लॅश इमेज'मध्ये, ज्याला लोक 'नॅनो बनाना' म्हणतात, शेवटच्या फोटोला वेगळा मान आहे. फोटो वेगवेगळ्या आकारांचे असतील तर तयार होणारं चित्र शेवटच्या फोटोचा आकार घेतं. माझं पान आडवं का आलं याचं उत्तर मला इथे मिळालं. माझ्या यादीत शेवटचं होतं ते कॅलेंडर-चित्र, आणि ते आडवं होतं.

किती फोटो देता येतात, हाही प्रश्न मला नेहमी विचारला जातो. 'जेमिनी २.५ फ्लॅश इमेज' तीनपर्यंतच्या फोटोंवर चांगलं चालतं. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेलं 'जेमिनी ३ प्रो इमेज' १४ पर्यंत फोटो घेतं. पण चौदा देता येतात म्हणून चौदा द्यावेत असं नाही. प्रत्येक जादा फोटो आपल्या हव्या असलेल्या गोष्टीबरोबर दहा नको असलेल्या गोष्टी आणतो. माझ्या कामात पाचाचे चार झाले तेव्हा चित्र सुधारलं.

दुसऱ्या दिवशी मी संगणक बंद ठेवला आणि कागद घेतला. हव्या असलेल्या चित्रातल्या गोष्टी एकाखाली एक लिहिल्या: चेहरा, अंगकाठी, उभं राहण्याची ढब, साडीचं नेसण, साडीचा रंग आणि काठ, पदराची नक्षी, जागा, प्रकाश, पानाचा आकार. प्रत्येकीसमोर ती कुठल्या फोटोतून येणार ते लिहीत गेले. हे करताना माझ्या यादीतली सगळी भांडणं वर आली. एका गोष्टीला दोन मालक होते, तर काहींना एकही नव्हता. प्रकाश वाड्याच्या फोटोतही होता आणि कॅलेंडरातही. चेहरे तीन ठिकाणी होते. आणि साडीचं नेसण कुठेच नव्हतं, कारण पुतळ्याला ती नुसती गुंडाळली होती. निऱ्या कुठे येतात, पदर किती लांब सोडायचा, हे साधन स्वतःच्या मनानं ठरवत होतं.

एका गोष्टीचा एकच मालक, या नियमानं मी फोटो पुन्हा काढले. भाचीला साधी पांढरी सुती सहावारी नेसायला लावली, पदर डाव्या खांद्यावरून मोकळा सोडलेला, आणि कॅटलॉगमध्ये हवी त्याच ढबीत उभी केली. आता नेसण आणि ढब दोन्ही तिच्याच फोटोतून येणार होत्या. पुतळ्याचा फोटो काढून टाकला. पैठणी पांढऱ्या चादरीवर सपाट पसरून, वरून, सावली न पडू देता तिचा नवा फोटो घेतला. वाड्याचा फोटो उभा कापून घेतला, रुंदीला चार तर उंचीला पाच या प्रमाणात, आणि तो शेवटी ठेवला.

कॅलेंडर-चित्र काढून टाकणं जिवावर आलं होतं, कारण त्याचे रंग मला फार आवडत. पण शैलीसाठी दिलेलं चित्र हे सर्वांत बेभरवशाचं असतं. त्याचा रंग हवा म्हणून द्यावं, तर त्यातली माणसं, दागिने, रंगवण्याची पद्धत सगळं झिरपत येतं. मला खरं तर काय हवं होतं? संध्याकाळचा पिवळसर, डावीकडून तिरपा येणारा प्रकाश. हे तर शब्दांत सांगता येतं! जे शब्दांत नेमकं सांगता येतं त्यासाठी फोटो देऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे. फोटो ठेवायचा तो ज्याला शब्द पुरत नाहीत त्यासाठी: एखाद्याचा चेहरा, पदरावरचा विशिष्ट मोर, एका विशिष्ट वाड्याचे खांब.

मग प्रॉम्प्ट लिहिला तो असा:

```
चित्र १: पांढरी सुती साडी नेसलेली तरुणी. यातून चेहरा, केस,
अंगकाठी, ढब आणि साडीचं नेसण घ्या. पांढरं कापड घेऊ नका.
चित्र २: जांभळी पैठणी, सपाट पसरलेली. यातून कापडाचा रंग,
बुट्टी आणि काठ घ्या.
चित्र ३: चित्र २ मधल्याच पैठणीचा पदर, जवळून. यातून फक्त
पदराची नक्षी घ्या.
चित्र ४: वाड्याचा चौक. यातून फक्त जागा घ्या.
काम: चित्र १ मधली तरुणी चित्र ४ मधल्या चौकात उभी आहे.
तिची पांढरी साडी काढून त्याच नेसणीत चित्र २ ची पैठणी दाखवा,
पदरावर चित्र ३ ची नक्षी. प्रकाश संध्याकाळचा, पिवळसर,
डावीकडून. चित्र उभं, ४:५.
```

यातल्या दोन-तीन शब्दांवर थोडं थांबायला हवं. 'चित्र १' एवढंच न लिहिता पुढे 'पांढरी सुती साडी नेसलेली तरुणी' असं लिहिलं आहे. क्रमांक आणि वर्णन दोन्ही दिले की एक चुकलं तरी दुसरं सावरतं. फोनवरून चार फोटो एकदम निवडताना ते आपण बोट लावलं त्या क्रमानं जातील की तारखेच्या क्रमानं, याचा नेम नसतो. पाठवण्याआधी वरची छोटी चित्रं डावीकडून उजवीकडे मोजून पाहायची, ही सवय मला महागात पडूनच लागली. क्रम उलटा गेला आणि वर्णन लिहिलेलं असलं, तर निदान विसंगती लगेच लक्षात येते.

चित्र १ आणि चित्र २ या दोन्हींत साडी आहे, हा या कामातला खरा पेच. नुसतं 'साडी' म्हटलं असतं तर पांढरी की जांभळी, हा घोळ झालाच असता. म्हणून एकीला सगळीकडे 'पांढरी सुती साडी' आणि दुसरीला सगळीकडे 'पैठणी' म्हटलं. घरात दोन सुमन असल्या की एकीला थोरली सुमन म्हणावंच लागतं, तसंच हे.

आणि 'चित्र २ मधल्याच पैठणीचा' हे शब्द. ते नव्हते तेव्हा साधनानं पदर ही वेगळी ओढणी समजून भाचीच्या दुसऱ्या खांद्यावर टाकली होती. दोन फोटो एकाच वस्तूचे असतील तर ते एकाच वस्तूचे आहेत हे सांगावं लागतं. आपल्याला ते इतकं उघड दिसतं की लिहायचं सुचतच नाही.

काही साधनांत, विशेषतः जिथे कोड लिहून काम करतात तिथे, मजकूर आणि फोटो आलटून पालटून ठेवता येतात: आधी चित्र १ ची ओळ, मग तो फोटो, मग चित्र २ ची ओळ, मग तो फोटो. हे सर्वांत चांगलं, कारण चिठ्ठी त्या त्या फोटोला चिकटूनच जाते. फोनवरच्या ॲपमध्ये बहुधा सगळे फोटो एकत्र वर आणि मजकूर खाली असतो. तिथे क्रमांकावरच भिस्त ठेवावी लागते. एकानं मला सुचवलं होतं की फोटोवरच मोठ्ठा आकडा लिहून टाक. मी तेही करून पाहिलं. आकडा ओळखला गेला, पण तयार चित्रात वाड्याच्या भिंतीवर एक पुसटसा '४' उमटला. तो नाद मी सोडला.

या प्रॉम्प्टनं आलेलं चित्र पहिल्याच्या मानानं कितीतरी बरं होतं. चेहरा भाचीचा होता. पान उभं होतं. तरी एक दोष राहिलाच: तिच्या पायाखाली चौकातली फरशी नसून चादरीसारखं पांढरं काहीतरी पसरलेलं होतं. असा दोष आला की सगळा प्रॉम्प्ट नव्यानं लिहायला घेणं ही सर्वांत मोठी चूक. आधी तो कुठल्या फोटोतून आला ते शोधायचं. माझी रीत अशी: बाकी एक अक्षरही न बदलता एकेक फोटो काढून टाकायचा आणि चित्र पुन्हा करून पाहायचं. जो काढल्यावर दोष जातो, तो गुन्हेगार. तेच साधन त्याच प्रॉम्प्टवर दर वेळी थोडं वेगळं चित्र देतं, त्यामुळे एकदा पाहून निकाल द्यायचा नाही, प्रत्येक फेरी निदान तीनदा करायची. चित्र २ काढलं तेव्हा तिन्ही वेळा पांढरा पसारा गेला. पैठणी ज्या चादरीवर पसरली होती ती चादरच वाड्यात आली होती.

आता 'चित्र २ मधली पांढरी चादर घेऊ नका' असं लिहिता आलं असतं, आणि मी लिहिलंही. कधी गेली, कधी नाही. नको असलेल्या गोष्टीचं नाव घेतलं की साधनाचं लक्ष तिच्याकडेच वळतं, असा अनुभव बऱ्याचदा येतो. शेवटी मी कात्री घेतली, म्हणजे संगणकातली. फोटो असा कापला की चौकटीत पैठणीशिवाय काहीच उरलं नाही. चादर गेली ती गेलीच. चार दिवसांत सर्वांत उपयोगी काय शिकले असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन: फोटोतून काय घेऊ नका हे लिहिण्यापेक्षा ते फोटोतूनच कापून टाकावं. ढबीसाठी दुसऱ्या कुणाचा फोटो द्यायचा असेल तर त्याचा चेहरा आधीच करड्या रंगानं झाकावा. जे दिसतच नाही ते झिरपणार कुठून?

दुसरी एक तपासणी अदलाबदलीची. फोटो २ आणि ४ यांच्या जागा बदलायच्या, मजकुरातले क्रमांकही त्याप्रमाणे बदलायचे आणि चित्र करायचं. निकाल साधारण सारखाच आला तर साधन आपल्या चिठ्ठ्या वाचतं आहे. जागा बदलल्याबरोबर साडीचा काठ बिघडला किंवा वाडा पुसट झाला, तर ते चिठ्ठीपेक्षा जागेला महत्त्व देतं आहे असं समजून सर्वांत नाजूक बारकाव्याचा फोटो त्याच्या आवडत्या जागी ठेवायचा.

एक खड्डा तिसऱ्या दिवशी लागला. चित्र जवळजवळ जमलं होतं. मी त्याच संवादात पुढे लिहिलं, "चित्र २ चा काठ थोडा रुंद दाखवा." साधनानं भलतंच काहीतरी केलं. आता त्या संवादात माझे चार फोटो होते, त्यानं केलेली तीन चित्रंही होती, आणि 'चित्र २' म्हणजे माझा दुसरा फोटो की त्याचं दुसरं चित्र, याला काही आधार उरला नव्हता. शिवाय आधीच्या चित्रावरून पुढचं, त्यावरून त्याच्या पुढचं असं करत गेलं की चेहरा हळूहळू मूळ माणसापासून दूर सरकतो. दोन-तीन दुरुस्त्यांनंतर मी आता नवा संवाद उघडते, मूळ चारही फोटो त्याच क्रमानं पुन्हा देते आणि सुधारलेला पूर्ण प्रॉम्प्ट लिहिते. वेळ जास्त लागत नाही, आणि क्रमांक पुन्हा जागेवर येतात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चित्र घेऊन दुकानात गेले. काकांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "छान झालंय. पण ताई, हे मोर मोजलेत का तुम्ही?"

मोजले नव्हते. खऱ्या पदरावर एका ओळीत सहा मोर होते. चित्रात पाच, आणि त्यातल्या दोघांच्या भोवतीचं कडं अपुरं. या नक्षीला बांगडी मोर म्हणतात, कारण मोर बांगडीसारख्या गोल कड्यात बसवलेला असतो. कडंच तुटलं तर ती बांगडी मोर राहत नाही. मी चित्र ३ आणखी जवळून घेतलं, एकच मोर चौकटीत भरेल असं. मोर सुबक झाला, पण ओळीतली संख्या तरी चुकायचीच. चित्र ३ पुन्हा पूर्ण पदराचं केलं तर संख्या जवळ आली आणि मोर बिघडला. साधन नक्षी उचलून चिकटवत नाही, पाहून नव्यानं काढतं. विणकर पैठणीचा पदर लहान लहान कांड्यांनी, धाग्याला धागा अडकवत एकेक मोर मोजून विणतो. तशी मोजणी करण्याची सवय या साधनाला नाही. क्रम आणि चिठ्ठ्या कितीही नीट लावल्या तरी ही मर्यादा त्यांच्यानं ओलांडली जात नाही, निदान मी वापरलेल्या साधनांत तरी नाही.

म्हणून आम्ही पदराचा भाग खऱ्या फोटोतून कापून हातानं चित्रावर बसवला, घडीनुसार वळवून. एका साडीला तास-दीड तास गेला. उरलेल्या साड्यांत जिथे पदर पाठीमागे जातो आणि दिसत नाही अशी ढब निवडली, आणि काकांच्या आग्रहानं प्रत्येक पानावर त्याच पैठणीच्या पदराचा सपाट, साधा फोटो शेजारी छापला. खाली बारीक अक्षरात लिहिलं, "मोठं चित्र संगणकावर जुळवलेलं आहे. खरी नक्षी शेजारच्या फोटोत पाहा."

दिवाळीच्या तोंडावर अशी चित्रं तुमच्याही फोनवर येतील. त्यावरून पैठणी घेणार असाल तर पैसे पाठवण्याआधी दुकानदाराकडून पदराचा सपाट फोटो मागून घ्या, पुढून एक आणि मागून एक, आणि मोर मोजा.